गजरा वाचवायचा आहे: बॅकग्राउंड इरेझर नेमकं काय बघून पुसतो

लग्नाच्या अल्बमचं काम करताना एक फोटो दर सीझनला कुठल्या ना कुठल्या रूपात माझ्यासमोर येतोच. नवरी कार्यालयातल्या खोलीत भिंतीजवळ उभी आहे, मान जराशी वळलेली, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. भिंत क्रीम रंगाची. घरच्यांना ती भिंत नको असते. मागे गडद मरून रंग हवा असतो, म्हणजे चेहरा उठून दिसेल. फोटो चांगला असतो, मागणीही रास्त असते.

शालू हिरवा आहे, केस काळे आहेत. तेवढा भाग भिंतीपासून सुटायला फारसा त्रास होत नाही. घोडं अडतं ते गजऱ्यापाशी. पांढरट फुलं आणि क्रीम भिंत हे डोळ्याला वेगळे रंग वाटतात, पण फोटोशॉपच्या लेखी ते शेजारी शेजारी बसलेले आकडे असतात. बॅकग्राउंड इरेझर फिरवला की भिंतीबरोबर गजऱ्याच्या पाकळ्याही जातात. मग बहुतेक जण टॉलरन्सचा आकडा खाली-वर करत बसतात आणि शेवटी टूल बेकार आहे म्हणून सोडून देतात. टूल बेकार नाही. ते आपल्याला तीन वेगवेगळे प्रश्न विचारतं आणि आपण तिन्हींचं उत्तर एकाच आकड्यात द्यायला बघतो, तिथे गडबड होते.

बॅकग्राउंड इरेझर हे टूल फोटोशॉपमध्ये 1999 साली, 5.5 आवृत्तीत आलं. टूलबारवर साध्या खोडरबराच्या पोटात ते असतं. ते घेतलं की कर्सर गोल होतो आणि त्या गोलाच्या मधोमध एक बारीक अधिकचं चिन्ह दिसतं. सगळा खेळ या चिन्हाचा आणि गोलाचा आहे. चिन्ह ज्या पिक्सेलवर असेल त्याचा रंग टूल उचलतं. मग त्या रंगाशी जुळणारे पिक्सेल फक्त गोलाच्या आत शोधतं आणि पुसतं. गोलाच्या बाहेर त्याला काहीही दिसत नाही. पुसलेल्या जागी पांढरा रंग येत नाही, तिथे लेअर पारदर्शक होतो. लेअर Background या नावाचा, कुलूपबंद असला तरी टूल आपणहून त्याचा साधा लेअर करून घेतं. म्हणून पहिल्यांदा Ctrl+J दाबून लेअरची प्रत काढा आणि मूळ लेअर डोळा मिटवून खाली ठेवून द्या. त्या मूळ लेअरची गरज शेवटी लागणार आहे.

आता ते तीन प्रश्न. कोणता रंग पुसायचा, हे ठरवतं सॅम्पलिंग. त्या रंगाच्या किती जवळच्या छटा पुसायच्या, हे ठरवतो टॉलरन्स. आणि त्या छटा गोलात जिथे सापडतील तिथे पुसायच्या की एकमेकींना चिकटून असतील तेवढ्याच पुसायच्या, हे ठरवतो वरच्या पट्टीवरचा Limits हा पर्याय.

इथे नावांचा एक घोटाळा आधीच मिटवून टाकतो. सॅम्पलिंगमध्ये Continuous असं एक नाव आहे आणि Limits मध्ये Contiguous असं एक. वाचायला जवळजवळ सारखी, अर्थ पूर्ण वेगळे. पहिल्याचा अर्थ सतत, म्हणजे वेळेशी संबंध. दुसऱ्याचा अर्थ सलग, म्हणजे जागेशी संबंध. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा निम्मा गोंधळ या दोन नावांचाच असतो. म्हणून पुढे मी Continuous ला सतत, Contiguous ला सलग आणि त्याच्या उलट्या Discontiguous ला सुटं म्हणणार आहे.

सॅम्पलिंगचे तीन प्रकार वरच्या पट्टीवर ड्रॉपरच्या तीन छोट्या चित्रांनी दाखवलेले असतात. सततमध्ये आपण माउस ओढत असताना टूल पावलापावलाला चिन्हाखालचा रंग नव्याने उचलतं. भिंत उजळ असेल तर उजळ रंग, पुढे सावली आली तर सावलीचा रंग. Once मध्ये, म्हणजे एकदामध्ये, पहिल्या क्लिकला जो रंग उचलला तोच माउस सोडेपर्यंत धरून ठेवला जातो. मग ओढताना चिन्ह नवरीच्या गालावरून गेलं तरी टूल भिंतीचाच रंग शोधत राहतं. तिसरा Background Swatch. त्यात चिन्हाखाली काय आहे याला महत्त्वच नाही. टूलबारच्या तळाशी बॅकग्राउंड कलरच्या चौकोनात जो रंग भरलेला असेल तोच पुसला जातो. हिरव्या किंवा निळ्या सपाट पडद्यापुढे काढलेल्या फोटोला हा बरा, क्रीम भिंतीला फारसा उपयोगी नाही. का, ते आता येतंच.

फोटो शंभर टक्के झूमवर उघडा, F8 दाबून Info पॅनल समोर आणा आणि कर्सर फक्त फिरवून बघा. मी ज्या फोटोबद्दल बोलतोय त्यात लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे असे होते. उजेडातली भिंत 226, 214, 196. तीच भिंत अंबाड्याच्या सावलीत 188, 174, 155. मोगऱ्याची उजळ पाकळी 240, 236, 222. पाकळ्यांच्या मधली सावली 205, 198, 180. केस 38, 30, 28.

आता वजाबाकी करा. उजेडातली भिंत आणि सावलीतली भिंत यांच्यात साधारण 40 चा फरक आहे. उजेडातली भिंत आणि उजळ पाकळी यांच्यात फरक 14 ते 26 चा. आणि पाकळ्यांमधली सावली तर भिंतीपासून 16 ते 21 एवढ्याच अंतरावर. म्हणजे भिंतीचं स्वतःशी जेवढं अंतर आहे, त्याहून गजरा भिंतीला जास्त जवळ आहे. हे एकदा कळलं की टॉलरन्सशी झटापट का फुकट जाते ते लख्ख दिसतं. भिंतीचा एकच रंग धरून उजेडापासून सावलीपर्यंतची सगळी भिंत जाईल एवढा टॉलरन्स ठेवला, तर त्या कक्षेत गजरा आधी येतो, सावली नंतर. टॉलरन्स कमी करून गजरा कक्षेबाहेर काढला, तर सावलीतली भिंत शिल्लक राहते. अधला-मधला कुठला तरी बरोबर आकडा असेल आणि तो आपल्याला सापडत नाहीये, असं नाही. या फोटोत तसा आकडा अस्तित्वातच नाही.

एकदा आणि स्वॉच हे दोन्ही प्रकार इथे मागे पडतात ते यामुळेच. दोन्हीत एक रंग धरून सगळीकडे फिरायचं असतं, त्यामुळे पार्श्वभूमीत जेवढी विविधता तेवढा टॉलरन्स मोठा ठेवावा लागतो. सततमध्ये तसं नाही. टूल जिथे आहे तिथलाच रंग उचलतं, म्हणून टॉलरन्सला फक्त त्या गोलापुरता फरक सांभाळायचा असतो. गोल लहान असेल तर भिंतीचा तेवढ्या जागेतला फरक पाच-सहा आकड्यांचा असतो. म्हणजे सॅम्पलिंगचा प्रकार बदलला की टॉलरन्स किती लागतो तेच बदलतं. हे दोन पर्याय वरच्या पट्टीवर लांब लांब बसवलेले आहेत, पण कामात ते जोडीनेच चालतात.

टॉलरन्स हा टक्क्यांत असतो आणि सुरुवातीला 50 वर असतो. समान रंगांच्या जवळ काम करताना 50 हा फारच सढळ हात झाला. मी मोकळ्या भिंतीवर सततमध्ये 25 ते 30 ठेवतो आणि गजऱ्यापाशी आलो की 10 ते 15 वर येतो. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. तुमच्या फोटोतला आकडा काढायची सोपी रीत अशी: बाजूला, जिथे नुसती भिंत आहे तिथे एकच क्लिक करा. गोल स्वच्छ पुसला गेला तर टॉलरन्स कमी करा, परत क्लिक करा. गोलात भिंतीचे ठिपके शिल्लक राहायला लागले की तिथे थांबा आणि दोन-तीन टक्के वर या. एवढाच टॉलरन्स या भिंतीला लागतो. याहून जास्त ठेवलेला प्रत्येक टक्का गजऱ्याच्या अंगावर जातो.

इथपर्यंत फक्त रंगाचा विचार झाला. रंगाने दोन गोष्टी वेगळ्या होत नसतील तेव्हा टूलकडे दुसरा एकच निकष उरतो, तो म्हणजे जागा. सलग आणि सुटं यांचं महत्त्व इथून सुरू होतं.

भाताची खाचरं डोळ्यांसमोर आणा. एका खाचरात पाणी सोडलंय. पाणी त्या खाचरभर पसरतं आणि बांधापाशी थांबतं. पलीकडच्या खाचराची जमीन अगदी याच पातळीला असली तरी पाणी तिकडे जात नाही, कारण मध्ये बांध आहे. सलग असंच चालतं. अधिकच्या चिन्हाखालून सुरुवात करून ते शेजारचा पिक्सेल बघतं. तो टॉलरन्समध्ये बसला तर त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. मध्ये न जुळणाऱ्या रंगाची रेघ आली की त्या बाजूचा प्रवास संपतो. रेघेपलीकडे हुबेहूब तोच रंग असला तरी तो वाचतो. टॉलरन्स म्हणजे इथे पाण्याची उंची. पाणी जितकं जास्त सोडाल तितके लहान बांध बुडत जातील.

सुटं म्हणजे पाऊस. गोलाच्या आतल्या प्रत्येक पिक्सेलला ते वेगळं विचारतं, तू या रंगाच्या जवळ आहेस का? असेल तर पुसला. तो चिन्हाशी जोडलेला आहे की मध्ये काळी रेघ आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बांध असोत नसोत, पाऊस सगळीकडेच पडतो.

आता गजऱ्याकडे या. या फोटोत गजरा अंबाड्याच्या कडेपासून जरा आत माळलेला होता. त्यामुळे गजरा आणि भिंत यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी केसांची एक पट्टी होती. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत ती 20 ते 40 पिक्सेल रुंद भरत होती. मी 150 पिक्सेलचा गोल घेतला, चिन्ह भिंतीवर ठेवलं आणि गोल अंबाड्यावर थोडा चढू दिला. गोलात तीन गोष्टी आल्या: भिंत, केसांची पट्टी आणि पट्टीपलीकडचा थोडा गजरा.

सुटं ठेवून क्लिक केलं तर भिंत गेली, केस जागच्या जागी राहिले, आणि पट्टीच्या पलीकडे गजऱ्याला भोकं पडली. उजळ पाकळ्यांपेक्षा पाकळ्यांमधल्या सावल्या आधी गेल्या, कारण आकड्यांत त्या भिंतीच्या अधिक जवळ होत्या. Ctrl+Z केलं, फक्त Limits बदलून सलग केलं, तोच टॉलरन्स, तोच गोल, तीच जागा. भिंत गेली, पाणी केसांपाशी अडलं, गजऱ्याला धक्काही लागला नाही. रंगाने जे काम होत नव्हतं ते बांधाने केलं. शिकणाऱ्या माणसाला मी हे दोन क्लिक लागोपाठ करून दाखवतो. पानभर समजावण्यापेक्षा ते लवकर पोचतं.

सलगमध्ये एक खबरदारी मात्र लागते. चिन्ह कायम पार्श्वभूमीवर राहिलं पाहिजे. सततच्या जोडीला तर नक्कीच. चिन्ह एक क्षण केसांवर गेलं की टूल केसांचा रंग उचलतं आणि तिथून काळं पाणी सोडतं. अंबाड्याला डाग पडल्यासारखं भोक दिसलं की समजावं, चिन्ह आत घुसलं होतं. गोल कितीही आत जाऊ दे, चिन्ह बाहेर ठेवायचं.

गोलाच्या आकाराचाही इथे संबंध येतो. टूलचं जग त्या गोलाएवढंच आहे. केसांची पट्टी गोलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचत असेल तरच ती बांध म्हणून उभी राहते. गोल इतका मोठा घेतला की पट्टी जिथे संपते ते टोकही आत आलं, तर पाणी टोकाला वळसा घालून मागून गजऱ्यात शिरतं. डोळ्यांसमोर बांध दिसत असतो आणि गजरा तरीही पुसला जातो, तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. चौकटी कंसाच्या डाव्या कळीने, म्हणजे `[` दाबून, गोल लहान करा. ब्रशचा कडकपणा शंभर टक्क्यांवर ठेवा. मऊ ब्रशच्या कडेला पुसणं अर्धवट होतं आणि भिंतीची धूसर झालर मागे राहते.

मग कायम सलगच ठेवावं का? नाही. याच फोटोत कानात झुमका होता. झुमक्याच्या कडीतून मागची भिंत दिसत होती, एवढीशी, नखाएवढी. अंबाड्यातून निसटलेल्या बटांमध्येही भिंतीचे बारीक तुकडे अडकले होते. हे तुकडे भिंतच आहेत, पण त्यांच्याभोवती सोन्याचा किंवा केसांचा बांध आहे. सलगचं पाणी तिथे पोचतच नाही. जो बांध गजऱ्याला वाचवत होता तोच इथे भिंतीला वाचवतो. अशा जागी सुटं लागतं. बटांपाशी माझी जोडणी अशी असते: सॅम्पलिंग एकदा, Limits सुटं, बटांच्या अगदी शेजारच्या भिंतीवर क्लिक करून न सोडता बटांवरून फिरवायचं. एकदा असल्यामुळे चिन्ह केसांवरून गेलं तरी बिघडत नाही, आणि सुटं असल्यामुळे बटांमधला प्रत्येक तुकडा वेगळा टिपला जातो. टॉलरन्सही इथे 40 पर्यंत नेता येतो, कारण काळे केस आणि क्रीम भिंत यांच्यात अंतर प्रचंड आहे. अट एकच, त्या गोलात गजऱ्याचा कणही नसावा.

आकाशापुढचं आंब्याचं झाड घेतलं तरी हेच. पानापानांतून आकाशाचे शेकडो तुकडे दिसतात. सलगने ते पुसायला बसलात तर दिवस मावळेल. सुटं ठेवा, एकदावर ठेवा, निळ्यावर क्लिक करा आणि फिरवा. पानं हिरवी आहेत, आकाशाच्या जवळचा रंग झाडात कुठे नाही, त्यामुळे पावसाची भीती नाही. म्हणून एखाद्या जागी सलग घ्यायचं की सुटं, हे ठरवायला मी फक्त एवढंच बघतो: या गोलात पार्श्वभूमीसारखा रंग विषयात आहे का? असेल तर सलग. नसेल आणि भोकं असतील तर सुटं. दोन्ही नसेल तर काहीही ठेवा, फरक पडत नाही.

Limits मध्ये तिसरा पर्याय Find Edges असा आहे. तोही सलगसारखाच जोडलेले पिक्सेल पुसतो, पण वस्तूच्या कडेची धार जास्त जपतो. शालूच्या काठासारख्या नीट, स्पष्ट कडेला मी तो वापरतो. गजऱ्यापाशी त्याने फार काही साधत नाही, कारण जपायला तिथे ठळक धार हवी ना.

आता अवघड जागा. या गजऱ्याच्या वरच्या डाव्या बाजूला चार-पाच कळ्या अंबाड्याच्या कडेबाहेर आल्या होत्या आणि थेट भिंतीला टेकलेल्या दिसत होत्या. मध्ये केसांची पट्टी नाही. बांधच नाही. पाकळीची कड म्हणून जे दिसतं ते प्रत्यक्षात दोन-तीन पिक्सेलचा उतार असतो, भिंतीच्या रंगापासून पाकळीच्या रंगापर्यंत हळूहळू चढत जाणारा. पाणी तो उतार चढून जातं. फोटो मोबाईलवरून फॉरवर्ड होत आलेला असेल तर अवस्था आणखी वाईट. जेपेगमध्ये चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. त्यामुळे कडेपाशी पाकळीचा रंग भिंतीत आणि भिंतीचा पाकळीत मिसळतो, आणि होता नव्हता तो बांधही खचतो. म्हणून अशा कामाला मी घरच्यांकडे कॅमेऱ्यातली मूळ फाइलच मागतो.

या कळ्यांपाशी मी तीन गोष्टी केल्या. गोल 30 पिक्सेलवर आणला. सततवर राहून टॉलरन्स 8 वर आणला. आणि Protect Foreground Color या चौकोनात खूण केली. आयड्रॉपर घेऊन कळीच्या रंगावर क्लिक केलं की तो रंग फोरग्राउंड कलरमध्ये बसतो आणि इरेझर त्याला हात लावत नाही. हा पर्याय चांगला आहे, पण त्याची मर्यादा ओळखून वापरावा. तो एकाच रंगाला राखण देतो. कळी म्हणजे एक रंग नव्हे. टोकाशी पांढरी, देठाशी हिरवट, मध्ये सावली. सावलीचा रंग राखला तर टोक उघडं पडतं. त्यातून राखलेला रंग भिंतीच्या फार जवळचा असेल तर भिंतीचेही काही पिक्सेल त्या राखणीत बसतात आणि कळीभोवती क्रीम ठिपके तसेच राहतात. म्हणून मी कळीची सगळ्यात हिरवट जागा राखली, ती भिंतीपासून रंगाने लांब होती, आणि पांढरं टोक टूलच्या भरवशावर न सोडता पुढे हाताने करायचं ठरवलं.

हे सगळं करताना खाली काय रंग ठेवून बघताय यावर फार अवलंबून आहे. सुरुवातीच्या काळात मी खाली पांढरा लेअर ठेवून काम तपासायचो. एका अल्बममध्ये गजरा स्क्रीनवर पांढराशुभ्र, भरगच्च दिसत होता. पान लाल पार्श्वभूमीवर लावलं, छापून आलं, आणि गजरा गुलाबी आला. पाकळ्या पुसल्या गेल्या नव्हत्या, अर्ध्या पारदर्शक झाल्या होत्या, आणि मागचा लाल रंग त्यातून झिरपत होता. पांढऱ्यावर पांढरं अर्धपारदर्शक दिसणार कसं? ते पान मला पुन्हा छापून द्यावं लागलं.

अर्धवट पुसलं जाण्यामागे कारण आहे. हे टूल कडेच्या पिक्सेलला नुसतं ठेवत किंवा काढत नाही. कडेच्या मिश्र पिक्सेलमधून ते पार्श्वभूमीचा रंग वेगळा काढतं आणि पिक्सेल अंशतः पारदर्शक करतं, म्हणजे वस्तू दुसऱ्या रंगावर ठेवली तर जुन्या भिंतीची झाक कडेला दिसू नये. काळ्या बटांना याचा फार सुंदर उपयोग होतो. पण पाकळीच भिंतीसारखी असेल तर टूल तिलाही अर्धी भिंत समजतं. म्हणून आता मी इरेझर हातात घेण्याआधीच खाली दोन सॉलिड कलर लेअर बनवतो, एक गडद मरून आणि एक भडक हिरवा, आणि आलटून पालटून त्यांचा डोळा उघडतो. मरूनवर पाकळी गुलाबी आणि हिरव्यावर पोपटी दिसली की ती अर्धवट गेलेली आहे. दोन्हींवर एकसारखी मोतिया दिसली तर शाबूत. भिंतीचे राहिलेले ठिपकेही मरूनवर चटकन दिसतात, पांढऱ्यावर नजरेतून सुटतात.

शेवटचा टप्पा हाताचा. इरेझरने पुसलेलं फाइल बंद केल्यावर परत येत नाही, म्हणून मी त्याचं काम मास्कमध्ये उतरवून घेतो. पुसलेल्या लेअरच्या छोट्या चित्रावर Ctrl धरून क्लिक केलं की जेवढं शिल्लक आहे तेवढ्याची निवड तयार होते. मग मघाशी खाली ठेवलेला मूळ लेअर दाखवायचा, तो कुलूपबंद असेल तर कुलूप काढायचं, त्याला ओढून मरून आणि हिरव्या लेअरच्या वर आणायचं, त्याच्यावर जाऊन Add Layer Mask दाबायचं आणि पुसलेला लेअर लपवायचा. चित्र जवळपास तेच दिसतं, पण आता खालचा फोटो पूर्ण आहे. जिथे पाकळी अर्धवट गेली होती तिथे मास्कवर बारीक पांढऱ्या ब्रशने रंगवलं की ती मूळ रंगात परत येते. त्या पाच कळ्यांची टोकं मी अशीच भरली, चारशे टक्के झूमवर, दहा-बारा पिक्सेलच्या ब्रशने. वीसेक मिनिटं लागली.

याची एक किंमत मोजावी लागते. मास्क मूळ फोटोवर बसवल्यामुळे कडेच्या पिक्सेलमधून टूलने काढून टाकलेली भिंतीची झाक परत येते. बटांच्या कडेला पुन्हा क्रीम रेघा दिसायला लागतात, मरूनवर तर ठळकच. म्हणून बटांचा भाग मी पुसलेल्या लेअरवरूनच घेतो आणि गजऱ्याचा भाग मास्कच्या लेअरवरून. बटांभोवती लॅसोने सैल निवड करून पुसलेल्या लेअरवर Ctrl+J दाबलं की तेवढा तुकडा नव्या लेअरवर येतो. तो सगळ्यात वर ठेवायचा आणि मास्कमध्ये त्या जागी काळा ब्रश फिरवायचा. सांधा अंबाड्याच्या काळ्या भागात आणला की दिसत नाही.